वजाबाकीत हरवलेला अर्धा

दशांश चिन्हानंतर फक्त दहा अंक सांभाळणारे एक गणनयंत्र घ्या आणि त्याला एक साधे काम सांगा. एका लहान कोनाचा कोसाइन काढ, तो १ मधून वजा कर आणि येणाऱ्या बाकीला कोनाच्या वर्गाने भाग. कोन रेडियनमध्ये ०.१ असेल तर उत्तर ०.४९९५८ येते. कोन ०.०१ केला की ०.४९९९९६, आणि ०.००१ ला बरोबर ०.५. उत्तर कुठे चालले आहे ते दिसू लागते, म्हणून हुरूप येतो आणि माणूस कोन आणखी लहान करत जातो. ०.००००३ ला उत्तर ०.४४४४ येते. ठीक आहे, थोडे घसरले. पण ०.००००११ ला ते ०.८२६ होते आणि ०.०००००९ ला चक्क शून्य!

यंत्र बिघडलेले नाही. त्याने प्रत्येक पायरी नेमून दिल्याप्रमाणे केली आहे. दोष आहे तो त्याला दिलेल्या सूत्राच्या मांडणीत, आणि नेमका तोच दोष अकरावीच्या वर्गात हे गणित पहिल्यांदा सोडवणाऱ्या मुलांनाही अडवतो. गणित असे लिहिले जाते:

lim (x→0) (1 − cos x)/x²

x शून्याकडे जात असताना ही किंमत कुठे पोचते, एवढाच प्रश्न. उत्तर १/२. पण x च्या जागी थेट शून्य ठेवले तर वर १ − १ म्हणजे शून्य, खालीही शून्य, आणि शून्य भागिले शून्य यातून काहीच कळत नाही. काही मुले अर्ध्या वाटेवर तडजोड करतात. लहान x साठी कोसाइन जवळपास १ असतो, मग वर शून्यच धरू, खालचा x² राहू दे, असे म्हणून उत्तर शून्य लिहून मोकळी होतात. ०.०००००९ ला यंत्राने केले ते हेच. कोसाइनची खरी किंमत ०.९९९९९९९९९९५९५ होती. दहा स्थळांत ती मावेना, म्हणून यंत्राने ती १ धरली आणि वजाबाकीत हाती काही उरले नाही.

म्हणजे अडचण भागाकाराची नाही, वजाबाकीची आहे. जवळजवळ सारख्या दोन संख्या एकमेकींतून वजा केल्या की त्यांचे सारखे असलेले पुढचे अंक कटतात आणि उरतात ते शेपटाचे अंक. ते शेपूट आधीच तोडलेले असेल तर बाकीला अर्थ राहत नाही. तेव्हा १ − cos x ही राशी वजाबाकी न करता लिहिता येईल का, असा प्रश्न विचारायला हवा. येते. त्यासाठी लागणारी सगळी सामग्री दहावीच्या भूमितीत आहे.

एक वर्तुळ काढा, त्रिज्या १, केंद्र क. त्यात अब हा आडवा व्यास. आता वर्तुळावर अ च्या थोडा वर प हा बिंदू घ्या, असा की कोन अकप हा x रेडियन होईल. त्रिज्या १ असल्यामुळे अ पासून प पर्यंतच्या कंसाची लांबीही x च असते. रेडियन वापरायचे ते एवढ्याचसाठी. प पासून व्यासावर लंब टाका, तो म मध्ये मिळू द्या. कम ही लांबी cos x, पम ही sin x, आणि म पासून अ पर्यंत जो छोटा तुकडा उरतो तो १ − cos x. कंसाला धनुष्य मानले तर हा तुकडा दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या कमानीपर्यंतचा बाण होतो. आपले जुने ज्योतिषगणिती त्याला शर किंवा उत्क्रमज्या म्हणत.

आता प बिंदू अ आणि ब या दोघांनाही जोडा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून अपब हा काटकोन त्रिकोण झाला आणि अब हा त्याचा कर्ण. प मधून कर्णावर टाकलेला लंब पम. काटकोन त्रिकोणात असा लंब टाकला की लहान त्रिकोण मोठ्या त्रिकोणाशी समरूप असतो, हे प्रमेय शाळेत सर्वांनी घोटलेले असते. अपम आणि अबप या त्रिकोणांच्या समरूपतेतून मिळते:

अप² = अम × अब

अब हा व्यास, म्हणजे २. अम म्हणजे आपला १ − cos x. म्हणून १ − cos x बरोबर अप च्या वर्गाचा अर्धा. डाव्या बाजूला वजाबाकी आहे, उजव्या बाजूला फक्त एका जीवेचा वर्ग. वजाचे चिन्ह गेले.

जीवा अप किती लांब? केंद्रातून तिच्यावर लंब टाकला की तो जीवेलाही दुभागतो आणि x या कोनालाही. प्रत्येक अर्ध्यात कोन x/2, कर्ण १, आणि समोरची बाजू sin(x/2). पूर्ण जीवा 2 sin(x/2). तिचा वर्ग करून अर्धा घेतला की अर्धकोनाचे सूत्र तयार होते:

1 − cos x = 2 sin²(x/2)

पाठ्यपुस्तकात हेच सूत्र बेरजेच्या सूत्रातून येते. cos x ला cos²(x/2) − sin²(x/2) असे लिहायचे आणि cos²(x/2) च्या जागी 1 − sin²(x/2) ठेवायचे. दोन ओळींत काम होते, परीक्षेत तेच करावे. पण आकृतीतून एक गोष्ट जास्त मिळते. दिलेली राशी आता अशी वाचता येते:

(1 − cos x)/x² = ½ × (जीवा/कंस)²

उत्तरातला १/२ कुठून आला हे इथे उघड दिसते. तो व्यास २ असल्यामुळे आला. बाकी काम एकच राहिले: कोन लहान होत गेला की जीवा आणि कंस यांचे गुणोत्तर १ कडे जाते, हे दाखवणे. आकृतीकडे पाहून ते पटतेच. वर्तुळाचा बारीक तुकडा जवळजवळ सरळच दिसतो. पण ‘दिसतो’ म्हणून गणितात भागत नाही.

पटवण्याची पद्धत क्षेत्रफळाची आहे. जीवा भागिले कंस म्हणजे 2 sin(x/2) भागिले x, आणि हेच sin u/u असे लिहिता येते, जर u = x/2 धरला. एकक वर्तुळात u कोनाचा पाकळीसारखा तुकडा, म्हणजे वर्तुळपाकळी, घ्या. तिच्या आत मावणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ½ sin u, खुद्द पाकळीचे ½ u, आणि पाकळीला बाहेरून झाकणाऱ्या, स्पर्शिकेवर उभ्या असलेल्या काटकोन त्रिकोणाचे ½ tan u. लहान, मधले, मोठे, असा क्रम आहे. त्यातून sin u < u < tan u मिळते आणि थोडी उलटापालट केली की sin u/u ही राशी cos u आणि १ यांच्या चिमटीत सापडते. u शून्याकडे गेला की cos u १ कडे जातो आणि मधल्या राशीला पळायला जागा राहत नाही.

एका ठोस कोनावर ही चिमटी किती घट्ट असते ते पाहू. x ला ०.१ ठेवा, u झाला ०.०५. cos u चा वर्ग सुमारे ०.९९७५, त्याचा अर्धा ०.४९८७५. म्हणजे आपली मूळ राशी ०.४९८७५ आणि ०.५ यांच्या मध्येच असली पाहिजे. सुरुवातीला यंत्राने दिलेले ०.४९९५८ त्यात नीट बसते.

आणि आता ०.८२६ चा निकालही लागतो. जीवा कंसापेक्षा कधीच मोठी नसते. त्यामुळे ही राशी, x कितीही असो, १/२ च्या वर जाऊच शकत नाही. ०.८२६ दिसले त्या क्षणी, पुढची कुठलीही तपासणी न करता, ते चूक आहे असे म्हणता येते. ०.४४४४ मात्र फसवे. ते १/२ च्या खाली आहे, वरवर पाहता चालून जाईल असे आहे. पण x = ०.००००३ असताना चिमटीची खालची बाजूही ०.५ ला जवळजवळ चिकटलेली असते, तेव्हा तेही खोटेच.

वर्गात होणाऱ्या चुकाही याच कसोटीवर पकडता येतात. सर्वांत नेहमीची चूक अशी: मुले 2 sin²(x/2) पर्यंत बरोबर येतात, मग sin(x/2) भागिले x हे १ कडे जाते असे समजून उत्तर २ लिहितात. साइनच्या आत x/2 आहे, तेव्हा खालीही x/2 च हवा. x² ला 4(x/2)² असे लिहायचे, वरचे २ आणि खालचे ४ मिळून १/२ बाहेर येते, आणि उरलेला भाग १ कडे जातो. उत्तर २ आले तर जीवा कंसाच्या दुप्पट झाली असे म्हटल्यासारखे होईल. कोन 3x असला तरी हाच न्याय लागतो. (1 − cos 3x)/x² ची सीमा ९/२ आहे, ३/२ नव्हे, कारण तीनाचाही वर्ग होतो.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरच्या बटणाची. यंत्र अंशांवर लावलेले असेल तर हीच राशी ०.०००१५२३ कडे जाते. ही संख्या आकाशातून पडत नाही. एक अंश म्हणजे π/180 रेडियन, त्याचा वर्ग करून अर्धा घेतला की हीच संख्या मिळते. वहीत ०.०००१५ च्या आसपासचे आकडे दिसू लागले तर सूत्र तपासत बसू नये, कोपऱ्यातले छोटे D पाहावे.

आणि तिसरी, चूक म्हणावी की पळवाट, ती लोपितालच्या नियमाची. वर आणि खाली वेगवेगळे अवकलन करायचे: sin x भागिले 2x, पुन्हा एकदा केले की cos x भागिले 2, शून्यापाशी १/२. उत्तर बरोबर येते. लोपितालच्या १६९६ च्या पुस्तकामुळे हा नियम त्याच्या नावावर रूढ झाला, पण त्यामागचे गणित योहान बर्नुलीचे होते. इथे खटकते ते दुसरेच. sin x चे अवकलन cos x असते हे सिद्ध करताना sin u/u ची सीमा लागते, आणि (1 − cos u)/u ही शून्याकडे जाते हेही लागते. म्हणजे जे सिद्ध करायचे त्याचाच सख्खा भाऊ आधी गृहीत धरून आपण पुढे जातो. तपासणीसाठी नियम वापरायला हरकत नाही, पण सीमांचा धडा अजून चालू असताना तोच पुरावा म्हणून लिहिणे म्हणजे उसने घेतलेले पैसे स्वतःची कमाई म्हणून दाखवणे. अर्धकोनाच्या वाटेला फक्त sin u/u एवढेच पुरते, आणि ते आपण क्षेत्रफळातून मिळवले आहे.

ही सीमा आकड्यांच्या रूपात पाहायची असेल तर थेट सूर्यसिद्धान्ताच्या ज्यासारणीकडे जावे. तिथे वर्तुळाचा परीघ २१,६०० कला आणि त्रिज्या ३,४३८ कला धरलेली आहे. पाव वर्तुळाचे चोवीस समान तुकडे, प्रत्येक २२५ कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा. प्रत्येक टप्प्याची ज्या दिलेली आहे, आणि तिच्याबरोबर उत्क्रमज्याही. त्रिज्येतून कोज्या वजा केली की उरते ती उत्क्रमज्या, म्हणजे आपला १ − cos x, फक्त त्रिज्या १ ऐवजी ३,४३८. उत्क्रमज्येच्या पहिल्या चार किमती अशा आहेत: ७, २९, ६६, ११७.

त्यांना अनुक्रमे १, ४, ९, १६ ने भागून पाहा. ७, ७.२५, ७.३३, ७.३१. कोन दुप्पट, तिप्पट, चौपट होतो तशी उत्क्रमज्या चौपट, नऊपट, सोळापट होत जाते. कोनाच्या वर्गाशी ती बांधलेली आहे, आणि ते सारणीत उघड्या डोळ्यांनी दिसते. आपल्या राशीत बसवायचे तर उत्क्रमज्येला त्रिज्येने गुणायचे आणि कंसाच्या वर्गाने भागायचे. तिसऱ्या टप्प्यावर ६६ गुणिले ३,४३८ भागिले ६७५ चा वर्ग, उत्तर ०.४९८. बाराव्या टप्प्यावर, म्हणजे ४५ अंशांवर, उत्क्रमज्या १,००७ आहे आणि उत्तर ०.४७५. शेवटच्या टप्प्यावर, ९० अंशांवर, उत्क्रमज्या त्रिज्येइतकीच आणि उत्तर ०.४०५. कोन लहान करत परत खाली आलो की संख्या अर्ध्याकडे चढत जाते.

मग सर्वांत लहान कोनाला, पहिल्या टप्प्यावर, ती अर्ध्याच्या सर्वांत जवळ हवी. पण तिथे येते ०.४७५, म्हणजे ४५ अंशांवर येते तेवढीच! कारण खरी उत्क्रमज्या ७.३६ आहे आणि सारणीत पूर्णांक ७ दिला आहे. हजारात जेमतेम तीन ते पाच विद्यार्थी गळावेत तशी ०.३६ ही गळती ६६ किंवा ११७ मध्ये जाणवत नाही. सातातून मात्र ती वीस विद्यार्थ्यांच्या वर्गातून एक जण उठून गेल्यासारखी लगेच दिसते. आपल्या दहा अंकी यंत्राला ०.००००३ ला जो रोग जडला, त्याची ही जुनी, सौम्य आवृत्ती. जितका कोन लहान तितके उत्तर चांगले, हा नियम गणिताचा आहे. मर्यादित अंक सांभाळणाऱ्या सारणीला किंवा यंत्राला तो लागू होत नाही. तिथे एका ठरावीक कोनापर्यंत उत्तर सुधारते आणि त्यापुढे बिघडते.

अर्धकोनाचे सूत्र या परंपरेत नवे नव्हते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेत ते आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या सिद्धान्तशिरोमणीत ज्योत्पत्ति नावाचे प्रकरण सगळे ज्या कशा काढाव्यात याबद्दलच आहे, आणि त्यातही अर्ध्या कोनाची ज्या काढण्याची रीत सांगितली आहे: त्रिज्या आणि उत्क्रमज्या यांचा गुणाकार करा, त्याचा अर्धा घ्या आणि वर्गमूळ काढा. करून पाहू. ३० अंशांची उत्क्रमज्या सारणीत ४६०. तिला ३,४३८ ने गुणून अर्धे केले की ७,९०,७४०, आणि त्याचे वर्गमूळ ८८९.२. सारणीत १५ अंशांची ज्या ८९० दिली आहे. सूत्र तेच, फक्त दिशा उलटी. आपण उत्क्रमज्या काढण्यासाठी अर्ध्या कोनाच्या ज्येकडे जातो, ते उत्क्रमज्येवरून अर्ध्या कोनाची ज्या काढत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, यादवांच्या काळात मठ उभारला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

एक खुलासा करायला हवा. सारणीतले आकडे अर्ध्याकडे जाताना दिसतात म्हणून त्या काळी कोणी ही सीमा मांडली होती असे म्हणू नये. सीमेची आजची काटेकोर व्याख्या युरोपात एकोणिसाव्या शतकात घडली. सारणी करणाऱ्यांना ग्रहगणितासाठी भरवशाचे आकडे हवे होते, आणि ते त्यांनी मिळवले.

आजच्या संगणकाकडे दहाऐवजी साधारण सोळा अंक असतात, त्यामुळे रोग उशिरा उद्भवतो, एवढाच फरक. ज्याच्याकडे पायथॉन आहे त्याने एवढे चालवून पाहावे:

```python
from math import cos, sin
x = 1.1e-8
print((1 - cos(x)) / x**2)
print(0.5 * (sin(x/2) / (x/2))**2)
```

पहिली ओळ सुमारे ०.९१७५ छापते, दुसरी ०.५. दोन्ही ओळी गणिताने एकच आहेत. x ला 1e-8 केले तर पहिली ओळ सरळ 0.0 देते, आणि दुसरी पुन्हा ०.५. दुसरीत कुठेही दोन जवळच्या संख्या एकमेकींतून वजा होत नाहीत. अगदी लहान कोनाचा साइन म्हणजे जवळजवळ तो कोनच, आणि लहान संख्या सगळे अंक राखून साठवण्यात संगणकाला काहीच अडचण नसते. अडचण येते ती १ ला चिकटून असलेली संख्या साठवताना, कारण तिचे बहुतेक अंक नुसते ९ लिहिण्यात खर्ची पडतात. निकोलस हायम या ब्रिटिश गणितज्ञांनी संगणकीय अचूकतेवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नेमकी हीच राशी उदाहरण म्हणून घेतली आहे, आणि तिचा इलाज म्हणून हेच अर्धकोनाचे सूत्र दिले आहे.

दर्यावर्दी लोकांना हा इलाज संगणकाच्या कितीतरी आधी लागला. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधले अंतर काढायचे तर गोलीय त्रिकोणमितीतले कोसाइनचे सूत्र आहे. ते दोन ठिकाणांमधल्या कोनाचा कोसाइन देते, त्यावरून कोन काढायचा आणि पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे सुमारे ६,३७१ किलोमीटरने, गुणायचे. मुंबई ते लंडन असे अंतर असेल तर ते छान चालते. जवळच्या ठिकाणांना मात्र तो कोसाइन १ ला चिकटतो आणि पाच-सहा अंकी कोष्टकात हाताला काही लागत नाही. म्हणून कोष्टके sin²(x/2) या राशीचीच छापली जाऊ लागली. ही राशी म्हणजे उत्क्रमज्येचा अर्धा. जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये नौकानयनावरच्या आपल्या पुस्तकात तिला हॅवरसाइन हे नाव दिले.

मुंबईतलेच उदाहरण घ्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेट ही दोन स्थानके सरळ रेषेत साधारण एक किलोमीटर अंतरावर आहेत. पृथ्वीच्या केंद्रापाशी त्यांच्यात होणारा कोन सुमारे ०.०००१५७ रेडियन, आणि त्याचा कोसाइन ०.९९९९९९९८८. साधारण सात अंक सांभाळणाऱ्या एकेरी अचूकतेच्या संख्यांमध्ये १ च्या खालची लगतची संख्या ०.९९९९९९९४ आहे. आपला कोसाइन त्या दोघींपैकी १ ला जवळचा, म्हणून तो १ धरला जातो आणि दोन स्थानकांमधले अंतर शून्य निघते. आधीच्या पायऱ्यांतल्या बारीक चुका जमून कोसाइन १ च्या वर गेला तर उत्तरच येत नाही. सुमारे दीड किलोमीटरच्या आतल्या सगळ्या अंतरांची हीच गत होते. हॅवरसाइनने तोच हिशेब केला तर संख्या येते ०.००००००००६१६. ती सातही अंक शाबूत ठेवून साठवता येते आणि तिच्यावरून अंतर पुन्हा एक किलोमीटर मिळते.

सोळा अंकी दुहेरी अचूकतेत कोसाइनचे सूत्र सुमारे सात सेंटिमीटरपर्यंत खाली उतरू शकते, त्यामुळे मोबाइलमधल्या नकाशाला रोजच्या वापरात त्याचा त्रास क्वचितच होईल. तरीही अंतरे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आजही हॅवरसाइनचेच सूत्र सर्रास दिसते. त्यालाही एक दुखरी जागा आहे: पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध टोकांवरच्या ठिकाणांसाठी sin²(x/2) स्वतःच १ ला जाऊन चिकटते, आणि तिथे मात्र हे सूत्र वापरू नये.